अर्जाला डकवलेला फोटो

अंबरनाथच्या एका कारखान्याला टायपिस्ट हवी होती. जाहिरातीत शिक्षण, जन्मतारीख आणि टायपिंगचा वेग एवढंच मागितलं होतं. पण कुंदाच्या वडिलांना, विष्णुपंतांना, तेवढ्यावर चैन पडेना. "माणूस कळायला नको?" म्हणत त्यांनी स्थळांना दाखवायला काढलेला तिचा शालू नेसलेला फोटो अर्जाला डकवला आणि खाली 'अविवाहित' असं ठसठशीत लिहिलं.

कुंदा पुरती गोंधळली. शालू बघून टायपिंगचा वेग कसा कळणार? आणि अविवाहित म्हणजे कामाला मोकळी, की उद्या सोडून जाणारी? तिनं उल्हासनगरच्या टायपिंग क्लासातल्या लालवाणी मास्तरांना विचारलं.

"जन्मतारीख मांगी है, लिखो. फोटो, शादी नहीं मांगा, तो काहे को देना?" मास्तर म्हणाले.

पण विष्णुपंतांनी अर्ज केव्हाच पोस्टात टाकला होता.

पंधरा दिवसांनी कारखान्याच्या हेडक्लार्कचं पत्र आलं. विष्णुपंतांनी मोठ्यानं वाचलं, "मुलगी पसंत आहे. माझ्या भाच्यासाठी पत्रिका पाठवावी." ते हरखून गेले.

"आणि नोकरी?" कुंदानं विचारलं.

त्यांनी पत्र उलटून पाहिलं. "ती दुसरीला दिली. तुझं लग्न व्हायचंय ना, म्हणून."