दार उघडेच

आमचे संपादक म्हणजे वृत्ताचे वेडे. जुन्या इंग्रजी कवितांच्या मराठी अनुवादांचं पुस्तक काढायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा एक कविता माझ्याकडेही मागितली आणि पहिलीच अट घातली, "सगळं वृत्तात हवं. मुक्तछंद म्हणजे आळशांचा उद्योग." मी पोटासाठी वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं मराठीत करते. माझं नाव आजवर कशावरच छापून आलेलं नाही, त्यामुळे मी मुकाट्याने मान डोलावली.

कविता आत्याने निवडून दिली. तिने ती जन्मभर शाळेत शिकवली होती. एक विधवा घरातली कामं उरकते आणि दार तेवढं लावत नाही, एवढीच कविता. मागच्या वर्षी आतोबा गेले, तेव्हापासून आत्या म्हणत होती, "शिकवली इंग्रजीत, पण रडायचं तर आपल्याच भाषेत ना गं? छापून आण मला."

खुर्चीच्या हातावर थाप मारत ती ओळी म्हणून दाखवायची. प्रत्येक ओळीत चार आघात, ओळीआड यमक. अगदी शेवटची ओळ मात्र दोन आघातांतच संपते. बाईचं बोलणंच संपतं. आत्या म्हणायची, "सगळी कविता या थांबण्यासाठी लिहिलीय."

आधी मी भुजंगप्रयात घेतलं. एक लघु, दोन गुरू, असं ओळीत चार वेळा. शेवटची ओळ झाली: "खुले दार आहे तुझ्यासाठि राया." मात्रा चोख, पण मूळ ओळीत फक्त उघडं दार होतं. 'तुझ्यासाठी' माझ्या पदरचं, तेही 'ठी' ऱ्हस्व करून. आणि तो 'राया'! बारा अक्षरं भरायच्या नादात बिचारी विधवा पायात घुंगरू बांधून उभी राहिली.

आत्या हसून हसून बेजार झाली. "रडायला मागितली होती गं, नाचायला नाही," म्हणाली.

मग संपादकांची अट बाजूला ठेवून मुक्तछंद केला. एकेक शब्द जागेवर बसला, एकही भरतीचा नाही. मी खुशीत वाचला. आत्याचा हात खुर्चीवर अधांतरी राहिला. "थांबली कुठे ती? मला कळलंच नाही." खरंच होतं. ज्या घराला भिंतच नाही, तिथे दार उघडं काय नि बंद काय! ओळी आधीच लहानमोठ्या, तर शेवटची तोकडी आहे हे जाणवणार कसं?

म्हणून तिसरा मार्ग धरला. सोळा मात्रांची साधी चाल, आठ आणि आठ. यमक सोडलं. ते सोडताना जीव तुटला, कारण मूळ कवितेत यमक ओळींना हात धरून नेतं. पण यमकासाठी पुन्हा कुणीतरी 'राया' आला असता. मूळ कवितेत ती मधेच नवऱ्याला 'यू' म्हणून हाक मारते; त्याचं 'तू' करायचं की 'तुम्ही', तेही ठरेना, म्हणून मी हाक मारणंच काढून टाकलं. तेही नुकसानच. शेवटचं कडवं असं उतरलं:

चूल विझवली, भरले पाणी,
अंथरुणाची घडी घातली,
दिवा जरासा मंद ठेवला,
दार उघडेच

शेवटच्या ओळीत आठच मात्रा. बाकीच्या आठ रिकाम्या.

छपाईआधीची प्रत आली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे छापलं होतं: "दार उघडेच अजुनी सखया."

तडक कार्यालय गाठलं. संपादक खुशीत होते. "तुमच्या आठ मात्रा गळल्या होत्या. मी घातल्या. यमक नाही तेही चालवून घेतलं."

"गळल्या नाहीत. मी सोडल्यात. बाईला पुढे बोलवत नाही."

"वाचक म्हणेल, संपादकाला मात्रा मोजता येत नाहीत. फार तर खाली तळटीप देऊ, की ओळ मुद्दाम अपुरी आहे."

"हुंदक्याला तळटीप देतं का कुणी? यमक गेलं, हाक गेली, ते मी सोसलं. हे नाही सोसणार. 'सखया' काढा."

"नाहीतर?"

"नाहीतर कविता काढा."

"ताई, तुमचं नाव पहिल्यांदाच छापून येतंय."

"सखयाच्या जोडीला यायला नको."

कागद उचलले नि निघाले. जिना उतरताना नावाचं काही वाटलं नाही. आत्याला काय सांगू, एवढाच घोर होता.

ती खुर्चीत वाट बघत होती. "छापतायत?"

"नाही. शेवटची ओळ पुरी करून मागतात. मी कविता परत आणली."

तिने हात खुर्चीवर ठेवला. "वाच."

मी वाचू लागले. थाप पडत गेली, ओळीला चार. शेवटी दोन शब्द, दोन थापा. मी थांबले. तिचा हात थांबला नाही. नुसत्या शांततेवर आणखी दोन थापा पडल्या, आणि मग वर्षभर न रडलेली आत्या रडू लागली.

बऱ्याच वेळाने पदराने डोळे पुसून म्हणाली, "एक अक्षर घालू देऊ नकोस कुणाला. परत वाच."

परत वाचली. तिथेच थांबले.