तोंडी कामाची नोंद

पालक या प्राण्याविषयी शुभदाबाईंचं मत फार वर्षांपूर्वीच झालं होतं आणि ते बदलण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नव्हती. पालकांना अक्कल नसते, वर ती नसल्याचा पत्ताही नसतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका खासगी शाळेत त्या तिसरीचा वर्ग सांभाळत आणि शेहेचाळीस मुलांच्या आईबापांकडे चष्म्याच्या वरून बघत.

श्रेणीपद्धत येऊन वर्षं लोटली तरी ही शाळा पालकांच्या हौसेखातर प्रगतिपुस्तकात गुण आणि नंबर छापत आली होती. यंदा ते बंद करायचं ठरलं. मुख्याध्यापक अण्णाराव सरांनी सगळ्या वर्गशिक्षकांना आपापल्या पालकांना पत्र लिहून बदल समजावायला सांगितलं. बाकीच्यांनी चार ओळी खरडल्या. शुभदाबाईंनी चांगली दोन पानं लिहिली, आणि ती लिहिताना त्यांना स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

‘प्रिय पालक,’ पत्रात होतं, ‘यंदापासून प्रगतिपुस्तकात गुण व क्रमांक नसतील. प्रत्येक विषयापुढे श्रेणी असेल : प्रावीण्य, समाधानकारक किंवा मदतीची गरज. तिच्याखाली मुलाला काय येतं आणि ते कुठे अडतं, हे दोन-तीन वाक्यांत लिहिलेलं असेल. आकडा मुलाला दुसऱ्याच्या पुढे-मागे उभं करतो, पण मूल कसं आहे ते सांगत नाही. ते मी सांगेन. मी तुमच्या मुलाला रोज पाहते.’

अण्णाराव सरांनी पत्र वाचून ‘वा!’ म्हटलं. पालकसभेत मात्र टॉवेलचा कारखाना असलेले प्रभुलिंग उभे राहिले.

“मॅडम, ते समाधानकारक म्हणजे किती टक्के?”

“टक्के नाहीत. तेच तर पत्रात समजावलंय.”

“आवं पण समाजाच्या गुणगौरवाला टक्के लागतात की. फ्लेक्सवर पोराच्या फोटोखाली काय ‘समाधानकारक’ छापू?”

सभा खो-खो हसली. शुभदाबाईंनी नाक मुरडलं. या माणसाला पोरगं नको, पोराचा फ्लेक्स हवा आहे, हे त्यांनी त्याच क्षणी ओळखलं, आणि ते खरंही होतं. माणसं ओळखण्यात बाई चुकत नसत, फक्त ती माणसं समोर उभी राहून ओरडत असली पाहिजेत.

दिवाळीच्या आधी सत्रपरीक्षा झाली आणि नोंदी लिहायची वेळ आली. शेहेचाळीस मुलं, सात विषय. पाच हुशार आणि चार वांड मुलांच्या नोंदी बाईंनी झरझर लिहिल्या. पुढे पेन अडलं. उरलेली सदतीस मुलं त्यांच्या लेखी ‘साठच्या आसपास’ एवढीच होती. साठच्या आसपासच्या मुलाबद्दल लिहायचं तरी काय?

शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी तयार नोंदींची पीडीएफ टाकली होती. विषयवार, गोड गोड तीनशे वाक्यं. बाईंनी ती उघडली आणि वरून खाली उतरवत गेल्या. ‘निरीक्षणशक्ती चांगली आहे.’ ‘परिसराविषयी कुतूहल दाखवतो.’ मुलगी असेल तिथे ‘दाखवते’ केलं. पत्रातल्या ‘मी रोज पाहते’ची त्यांना तेव्हा आठवणसुद्धा झाली नाही. दुपारच्या चहापर्यंत काम हातावेगळं झालं आणि बाईंना हलकं वाटलं.

प्रगतिपुस्तकं शनिवारी वाटली. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत केराबाई आली. ही एकतिसाव्या हजेरी क्रमांकाच्या सोनमची आई. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ, आणि ही एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला. केसांत सुताचे तंतू तसेच. आता ही पण टक्के विचारणार, असं मनाशी म्हणत बाईंनी डब्याचं झाकण लावलं.

“बाई, एवढं वाचून दावा की. शेजारच्या बुद्धप्रियाताईनं वाचलंय, पर तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

तिचं बोट मराठीच्या रकान्यावर होतं. बाईंनी कंटाळून वाचलं, “श्रेणी समाधानकारक. तोंडी काम : गटचर्चेत स्वतःहून भाग घेते. आपले अनुभव सर्वांसमोर न घाबरता सांगते.”

केराबाईचे डोळे भरून आले. तिने पदर तोंडाला लावला.

“घरात लई बोलती वो. पर उंबऱ्याभायेर पडली की तोंडाला कुलूप. पावन्यांपुढं न्हाय, दुकानात न्हाय. मागल्या साली तोंडीला धापैकी भोपळा मिळाला. त्यो बघून ताई म्हनली, ह्ये साधं न्हाय. ताई नर्स हाय. तिनंच सरकारी दवाखान्यात बोलन्याच्या डाक्टरची तारीख काढली. चार म्हैन्यानं मिळाली. उद्या हाय.”

“मग जा ना उद्या.”

“आता कशाला? तुमीच लिवलंय की. सर्वांसमोर, न घाबरता.” तिने ते शब्द पाठ केले होते. “कामाचा खाडा बी वाचला. तेवडं सांगायला आले.”

शुभदाबाईंनी ते पीडीएफमधलं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. पहिल्यांदा त्यांनी निसटायला बघितलं. “तरी एकदा दाखवून आणा. तपासलेलं बरं असतं.”

“बोलनाऱ्या पोरीला काय तपासायचं, बाई?”

पुढची तारीख आणखी चार महिन्यांनी, आणि तीही मिळालीच तर. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. प्रभुलिंगला त्यांनी एका वाक्यात गप्प केलं असतं. ही बाई भांडत असती तर हिलाही केलं असतं. पण ही त्यांच्यावर विश्वास ठेवून उभी होती, आणि या प्रकाराची बाईंना सवय नव्हती.

“सोनमची आई,” त्या शेवटी म्हणाल्या, “ते वाक्य मी… ते तयार वाक्यांतून उतरवलंय. सोनमला बघून लिहिलेलं नाही.”

केराबाईला उमजायला वेळ लागला. तिने पदर खाली घेतला.

“मंग वर्गात बोलती का न्हाय?”

 बाईंनी आठवून पाहिलं. दुसरी रांग, खिडकीकडची बाजू, दोन वेण्या. आवाज? आवाज काही केल्या आठवेना. पाच महिने रोज पाहत होत्या म्हणे. त्यांनी दारात जाऊन व्हरांड्यात डबा खाणाऱ्या सोनमच्या बाकावरच्या मुलीला आत बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, “सोनम वर्गात बोलते का गं?”

“नाही बाई. कधीच नाही.”

“अगं, हजेरीला तरी ‘हजर’ म्हणते ना?”

“ते मी म्हणते. पहिल्या दिवसापासनं.” मुलगी घाबरली. “तुम्ही खाली बघून लिहिता ना, बाई.”

मुलगी गेली. शुभदाबाईंना मान वर करवेना. त्यांना लाज वाटली, खरीखुरी, कानशिलं तापवणारी. केराबाई आरडाओरडा करील, अण्णाराव सरांकडे जाईल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

केराबाईने प्रगतिपुस्तक मिटून टेबलावर त्यांच्यापुढे सरकवलं.

“उद्या डाक्टरला दावायला कायतरी खरं द्या लिवून.”

बाईंनी शाळेचा कागद ओढला. ‘सोनम ही’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असं पुढे काही सुचेना. केराबाई वाट बघत होती, सुट्टी संपत आली होती.

“ऱ्हाऊ द्या वाक्य,” ती म्हणाली. “मागल्या बाईवानी भोपळा काढा. त्यो मला वाचता येतो.”

शुभदाबाईंनी लिहिलं : तोंडी काम, दहापैकी ०. खाली सही केली.

केराबाईने कागद उलटासुलटा करून शून्यावर बोट ठेवलं, खात्री करून घेतली आणि मगच घडी घातली.