अकरावा कागद

ओला लाल लिटमस कागद काठाकडून निळा होत गेला. राजमहंमदचाचांनी तो दूध गार करणाऱ्या अमोनियाच्या जुन्या पाइपच्या सांध्याजवळ धरला होता. मी नऊपर्यंत आकडे मोजले तेव्हा अर्धा कागद निळा होता.

"काल बारा मोजूस्तवर लागलं हुतं. गळती वाढतीया," चाचा म्हणाले. पंचवीस वर्षं ते हेच मशीन चालवत होते. "मी दावलं म्हणून आप्पांस्नी सांगू नका."

भिंतीपलीकडे प्राथमिक शाळेतली मुलं पाढे म्हणत होती.

कळसच्या या दूध शीतकरण केंद्राला चाळीस वर्षं होणार होती. त्याच्या माहितीपटाची पटकथा लिहायला मी बारामतीहून येत होते. एका दृश्याला एक कागद, सगळे सालवार. पुरस्कार दहाव्यावर, नवे टँकर बाराव्यावर. मधे अकराव्यावर एकच ओळ होती : 'पाइपची किरकोळ दुरुस्ती प्रलंबित.' ती मीच, केंद्राचे चेअरमन आप्पासाहेबांनी सांगितली तशी लिहिली होती.

ऑफिसात मी अकरावा कागद काढून सर्वांत वर ठेवला आणि पेनाने लिहिलं : 'आजची सकाळ. पाइपचा सांधा. निळा होणारा कागद. पलीकडून पाढे.'

आप्पासाहेब चष्मा लावून बघत राहिले. "बारशाला आलेल्यांना आधी मयताची बातमी द्यायची व्हय?"

"इथून सुरुवात, मग मागे १९८६ मध्ये जायचं. मधला एक शब्दही बदललेला नाही. वाचून बघा."

ते वाचू लागले. १९८६ : दोनशे लिटर दूध, नवं मशीन, नवी पाइपलाइन. १९९८ : दहा हजार लिटर. २०११ : पुरस्कार, दुसरी टाकी. प्रत्येक दृश्यात मागे तोच पाइप. काल ती भरभराट वाटली होती. आता प्रत्येक पानावर त्याच सांध्यावर आणखी भार चढत होता.

२०११ च्या पानावर त्यांनी पाइपवर अंगठा टेकवला.

"दहादा वाचलं आसंल मी हे. दिसलं न्हाय." त्यांनी शेवटचं पान उलटलं. ते कोरं होतं. "शेवट कुठं हाय?"

"पूर्वी इथे आभार होते, तो कागद मी काढला. पण पहिल्याच दृश्यात सांधा दाखवला, की बघणारा त्याचं काय झालं हे विचारणार. ते मला लिहिता येत नाही, आप्पा."

दाराच्या फटीतून हलका, नाकाला झोंबणारा वास आला. दोघांनाही आला. पाढे चालूच होते. पाइप बदलायचा विषय निघाला की सात वर्षं 'पुढच्या हंगामात बघू' म्हणणारे आप्पासाहेब टेबलाला धरून उठले.

"राजमहंमद!" आवाज फाटला. "आधी पोरं घरी धाड, वाऱ्याच्या उलट्या अंगानं. मग गॅस रिसीव्हरच्या टाकीमधी वढून घे, व्हॉल्व्ह मिटव, मशीन बंद कर. सांजचं दूध बारामतीला वळीव." त्यांनी कोरं पान माझ्यापुढे सरकवलं. "नवी लाइन पडंस्तवर केंद्र बंद."