मागच्या दाराने लिहिलेलं घर

विकाऊ घरांच्या व्हिडिओंना निवेदन लिहून देणं हा ताईचा पोटापाण्याचा उद्योग. लोकांची कितीतरी घरं तिनं शब्दांनी झाडूनपुसून लख्ख केली होती. आता पाळी स्वतःच्या माहेरावर आली. तिचे वडील, अण्णा, गेल्यापासून घर बंद होतं आणि धाकट्या भावाला ते विकून मोकळं व्हायचं होतं. ताईनं हो म्हटलं. अण्णा गेले तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नातेवाइकांनी तिला दगड म्हटलं, तेही तिनं ऐकून घेतलं. आत काही हलतच नव्हतं, तर रडणार कुठून?

कॅमेरावाल्यानं घराचा व्हिडिओ न थांबता, एका दमात चालत घेतला होता. त्यावर ताईचा आवाज लावून पाहिला आणि त्यानं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी दोघं त्या रिकाम्या घरात जाऊन उभे राहिले.

"ताई, चित्रात हॉल चाललाय आणि तुम्ही ओट्याचं कौतुक करताय. घेणारी मंडळी परगावची. त्यांना वाटेल ओटा हॉलमध्येच आहे."

"ओटा आधी येतो ना?"

"कुठून आधी? पुढच्या दारातून हॉल, मग पॅसेज, दोन बेडरूम, मग अण्णांची खोली, स्वयंपाकघर आणि शेवटी मागचं दार. तुम्ही बरोब्बर उलटं लिहिलंय. आधी कळस, मग पाया."

ताईनं कागद पाहिला. खरंच होतं. या घरात ती कधी पुढच्या दारानं आलीच नव्हती. पुढचं दार पाहुण्यांचं. शाळेतून, कॉलेजातून आणि अण्णा अंथरुणाला खिळल्यावर रोज ऑफिसातून, ती मागच्या दारानं यायची. नवख्या लेखकानंही केली नसती अशी चूक तिनं केली होती. तिला त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

"चालत चालत लिहिते," ती म्हणाली.

पुढच्या दारापासून तिनं सुरुवात केली. उंबरा ओलांडला की हॉलचं वाक्य सुरू, पॅसेजच्या तोंडाशी ते संपायला हवं. जे अजून दिसलं नाही त्याचं नाव घ्यायचं नाही. मोठ्यानं वाचायचं, चालायचं, वाक्य लांबलं की कापायचं. कॅमेरावाला फोनवर व्हिडिओ धरून तिच्या बरोबरीनं चालत होता. "इथे जरा थांबलोय मी, चार शब्द जास्त चालतील," असं मधूनमधून सांगत होता. हॉल झाला, दोन्ही बेडरूम झाल्या. स्वतःच्या जुन्या खोलीबद्दल तिनं 'भरपूर हवा, भिंतीत कपाट' असं लिहिलं आणि पुढे सरकली.

मग अण्णांची खोली. पॅसेजकडून ती या खोलीत क्वचितच शिरली होती. खाट भावानं देऊन टाकली होती, पण फरशीवर चार पायांचे डाग राहिले होते. ताई त्या डागांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

या खाटेवरून घरात किती वाद झाला होता. खिडकीशी छान ऊन येत होतं, तर अण्णांनी हट्टानं खाट फिरवून घेतली, खिडकीकडे पाठ करून. भाऊ म्हणाला होता, साठी बुद्धी नाठी. चिडून ताईनंच खाट ओढली होती.

आता तिनं समोर पाहिलं. खोलीच्या पलीकडच्या दारातून स्वयंपाकघर आणि त्यापलीकडे मागचं दार सरळ दिसत होतं. ती चपला काढायच्या आत अण्णा रोज विचारायचे, "आलीस?" तिला वाटायचं, म्हाताऱ्याचे कान तिखट आहेत.

तिनं लिहिलं, 'या खोलीतून मागचं दार थेट दिसतं.'

"वाक्य छान आहे," कॅमेरावाला म्हणाला. "पण इथे मी खिडकीकडे वळलोय. दार चित्रात नाही."

"मग नको," ती म्हणाली. तिनं ते खोडलं आणि लिहिलं, 'खिडकीतून सकाळचं ऊन.' तेच बरोबर होतं.

स्वयंपाकघर झालं, मागचं दार झालं. कागद पुरा झाला.

"आता अख्खं एकदा वाचून बघू," तो म्हणाला. "चला पुढच्या दाराशी."

"तुम्ही व्हा पुढे. मी बाहेरून येते."

तो गेल्यावर ती मागच्या दारानं बाहेर पडली, दार ओढून घेतलं. क्षणभर थांबून पुन्हा उघडलं, आत आली आणि चपला काढायला वाकली. वाकल्या वाकल्या तिनं मान वर करून खोलीकडे पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. ताईला फार वाईट वाटलं, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. ती एक चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली.

"ताई," हॉलमधून आवाज आला, "आलात का?"

"आले," ती म्हणाली.