तुझ्या सोयीनं सांग

प्रमिलाला मुलगा झाला ही बातमी तिच्या भावानं, अमोलनं, दीपमाला नोकरीला होती त्या पतपेढीत येऊन तिला सांगितली. हातात पेढ्यांचा पुडा होताच. दीपमालानं पेढा तोंडात टाकला, बाळ-बाळंतीण बरी आहेत ना ते विचारलं, आणि तिथंच ठरवून टाकलं की आपण लगेच धावत सुटायचं नाही.

असं का, ते जरा सांगायला हवं. आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर दीपमालाचं आठव्या महिन्यात मूल गेलं होतं. जन्मलं ते गेलेलंच. त्यानंतरचा महिनाभर पंचवटीतल्या तिच्या घराचा दरवाजा म्हणजे धर्मशाळेचा झाला होता. न्हाऊन केस पुसत असावी तर बायका येऊन बसलेल्या. जरा डोळा लागावा तर कुणीतरी उशाशी येऊन नि:श्वास सोडत असायचं. शेजारची लंकाबाई तर रोज यायची, रोज तेच विचारायची, "पण नक्की झालं कसं गं?" आणि सासूबाई, नवसाबाई, तिला चहा करून पाजायच्या. आलेल्या माणसाला जा कसं म्हणायचं? त्या महिन्यात दीपमालानं मनाशी खूणगाठ बांधली होती की आपण कुणाच्या घरी, सुखात काय नि दु:खात काय, विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

प्रमिला मात्र तेव्हा मनमाडहून न कळवता आली होती. एक शब्द बोलली नव्हती. तेल गरम करून आणलं, दीपमालाच्या केसांचा गुंता बसून सोडवला, वेणी घातली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तिचा नवरा मनमाडला रेल्वेत होता. आता बाळंतपणाला ती माहेरी, मखमलाबादला आली होती. म्हणजे रिक्षानं अर्ध्या तासाचं अंतर. कॉलेजात एका बाकावर बसलेल्या या दोघी. दीपमालाला या जगात जिवाभावाची म्हणावी अशी हीच एक होती.

चार दिवस तिनं जाऊ दिले. मग पतपेढीसमोरच्या पीसीओवरून फोन लावला, तोही वेळ बघून. सकाळी नको, सकाळी मालिश, कढत पाणी, मग ओव्या-शेपाची धुरी. दुपारी जेवून बाळंतीण आडवी होते. चारच्या सुमाराला बाळ दूध पिऊन निजलं असेल तर तिला दोन शब्द बोलता येतील, असा तिचा हिशेब. फोन प्रमिलानंच घेतला.

"कानाला बांधलंयस ना?" दीपमालानं पहिलं विचारलं.

"बांधलंय गं बाई. माकडासारखी दिसतेय."

"ऐक. मला यायचंय, पण तुझ्या सोयीनं. मी दहा मिनिटं बसेन. चहा करायचा नाही. तू उठून बसायचं नाही, गाऊनवर असलीस तरी चालेल. बाळाला उचलणार नाही, लांबूनच बघेन. मला शिंक जरी आली तरी येणार नाही. आणि ऐनवेळी तुला नको वाटलं तर नुसतं नाही म्हण. कारण द्यायचं नाही. मला राग येणार नाही, शपथ."

प्रमिला म्हणाली, "तू ना, देवमाणूस आहेस. आई म्हणते, पाचवी होऊ दे."

पाचवीची पूजा झाली. दीपमालानं आणखी दोन दिवस सोडून फोन केला. "आई म्हणते, आता बारसं झाल्यावरच निवांत ये." बारशाचा दिवस येऊन गेला, बोलावणं काही आलं नाही. तिनं फोन केला तर प्रमिला घाईघाईनं म्हणाली, "अगं, घरच्या घरीच केलं. कुणालाच सांगितलं नाही. आई म्हणते, आता सव्वा महिना होऊ दे, मग काही शंका नको."

कसली शंका, ते दीपमालानं विचारलं नाही. तिला कळलं होतं. ज्या बाईचं मूल गेलंय तिची सावली ओल्या बाळंतिणीवर पडू नये, नजर बाळावर पडू नये, हे सगळं ती ऐकूनच लहानाची मोठी झाली होती. आपल्यावर ते येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं. फोन ठेवून ती टेबलाशी येऊन बसली, तेव्हा तिला संताप आला होता. प्रमिलावर नव्हे, प्रमिलाच्या आईवर. या कुसाबाईच्या हातची भाकरी आपण कॉलेजात असताना किती वेळा खाल्ली! म्हातारीनं बरोबर खरे रंग दाखवले. बिचारी प्रमिला, तिचं त्या घरात चालतंय कुठं?

त्यात भर घातली लंकाबाईनं. तिचं माहेरही मखमलाबादचंच. ती पासबुक भरायला आली आणि उभ्या उभ्या सांगून गेली, "तुझ्या मैत्रिणीचं बारसं काय झोकात झालं गं! अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची टोपली उपसता उपसेना. तू कुठं दिसली नाहीस ती?"

"ऑफिसला ऑडिट होतं," दीपमाला म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण ते बरं जमलं. प्रमिलाचं 'घरच्या घरीच' हेही म्हातारीनंच वदवलेलं असणार, असं तिनं धरून टाकलं.

घरी तिनं नवऱ्याला, जीवनला, हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग जा की सरळ. विचारत काय बसतेस?" जीवनला सगळंच सरळ दिसायचं. दीपमाला म्हणाली, "मी तिला शब्द दिलाय. तिनं सांगितल्याशिवाय जायचं नाही." तरी मधल्या काळात तिनं एकदा अमोलच्या हाती खसखशीच्या आणि अळिवाच्या लाडवांचा डबा पाठवला. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, डबा परत करायची घाई नाही एवढा निरोप. प्रमिलाचा फोन येईल असं तिला आठवडाभर वाटत राहिलं. तो आला नाही. सव्वा महिना होऊन गेला, तेव्हा ती फोन करायला पीसीओपर्यंत गेली आणि तशीच माघारी फिरली. चौथ्यांदा विचारणं हे तिला भीक मागण्यासारखं वाटलं.

कुसाबाई घरच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती घेऊन गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावरच्या बाजारात, विकायला बसायची. दीपमाला हल्ली त्या रांगेतून जायचं टाळत होती. एका बुधवारी मात्र बाजारात गर्दी उसळलेली आणि ती नेमकी म्हातारीच्या पुढ्यात येऊन थडकली. नजर चुकवून सटकावं तर कुसाबाईनं बसल्या जागेवरून तिची पिशवीच धरली.

"काय गं ए! वळख इसरली का?"

"नाही मावशी. घाईत आहे."

"लय घाई झाली तुला नोकरीवाल्या बाईला! आक्ख्या गावच्या बाया येऊन बाळ बघून गेल्या, आन् तू पायरी चढली नाय. डबा धाडला म्हंजे झालं का? बारशाला तुझी वाट बघत पाळणा थांबवला मी. परमिला म्हने, ती नाय येनार, तिला जमत नाय."

"मावशी, तुम्हीच नको म्हणाला होतात ना? पाचवी होऊ दे, सव्वा महिना होऊ दे..."

"मी?" कुसाबाईनं फुलांचं पाणी तिच्या चपलेवरच झटकलं. "मी कवा म्हनले? मी कशाला म्हनू? हे काय दवाखान्याचं टायमिंग हाय, इचारून यायला? चल. आत्ताच चल. मी निघालेच हाय."

"आत्ता नको. तिला विचारून मग..."

"कुनाला इचारायचं? घर माझं हाय."

रिक्षात म्हातारी बाळाच्या जावळाबद्दल बोलत होती. दीपमालाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. 'आई म्हणते', 'आई म्हणते' एवढंच डोक्यात घुमत होतं. कुठंतरी काहीतरी गैरसमज असेल, बाळंतिणीचं मन हळवं असतं, थकली असेल, अशी ती प्रमिलाची बाजू लावून धरत राहिली. आणि ज्या म्हातारीला आपण महिनाभर मनातल्या मनात नाही नाही ते बोललो, ती शेजारी बसून आपल्या पिशवीत शेवंतीची जुडी कोंबत होती, त्याचीही तिला लाज वाटत होती.

आतल्या खोलीत बाजेवर प्रमिला बाळाला पुढ्यात घेऊन बसली होती. उंबऱ्यात दीपमालाला पाहिलं आणि तिनं काय केलं, तर पटकन पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं. विचार करून नव्हे. चटका बसल्यावर हात मागे येतो तसं. मग भानावर येऊन हसली. पदर तसाच राहिला.

"चा ठेवते," म्हणून कुसाबाई चुलीकडं गेली.

दीपमाला दाराशीच थांबली. "आई काही म्हणत नव्हती," ती म्हणाली.

प्रमिला हळू आवाजात म्हणाली, "तू रागावू नकोस. मला माहितीये, मूर्खपणा आहे. एम. ए. झालेल्या बाईनं असं... पण हा झाल्यापासून मला झोप नाही. याचा श्वास चालू आहे का ते बघत बसते. सारखं तुझंच डोळ्यांपुढं येतं. तुझं ते सगळं. वाटतं, तू आलीस की..." तिनं वाक्य सोडून दिलं. "बाकीच्या न विचारता आल्या, त्यांना काय सांगणार? तू विचारलंस. तूच म्हणालीस, नको वाटलं तर नाही म्हण."

"कारण देऊ नकोस असंही म्हणाले होते. तू आईचं कारण दिलंस."

"नुसतं नाही कसं म्हणू तुला?"

दीपमालाला तो पहिला फोन आठवला. आपण किती जपून, किती समजूतदारपणानं विचारलं होतं! दहा मिनिटं काय, चहा नको काय, शिंक आली तर येणार नाही काय. लंकाबाई धडधडत आली, बाळ मांडीवर घेऊन घुगऱ्या खाऊन गेली. तिला कुणी अडवलं नाही, कारण तिनं अडवायला जागाच ठेवली नव्हती. आपण मात्र दार स्वत:च्या हातानं पुढं केलं आणि कडी प्रमिलाच्या हातात दिली. दीपमालाला आपल्या चांगुलपणाची शिसारी आली.

कुसाबाई चहाचा कप घेऊन आली. पोरीनं पदर घातलेला पाहून म्हणाली, "झाकलं कशाला त्याला? उकडतंय ना! घे गं दीपमाला, घे मांडीवर. मावशी ना तू?" आणि तिनं बाळ उचललंसुद्धा.

प्रमिलाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं दीपमालाकडं नुसतं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती.

पुढं आलेलं ते तांबूस तोंड, मिटलेल्या मुठी. दीपमालाचे हात आपोआप अर्धे वर झाले होते. ते तिनं खाली घेतले.

"नको मावशी," ती म्हणाली. "बाजारातून आलेय. हात धुतलेले नाहीत."

चहा तिनं उभ्यानंच घेतला. पोळला, तरी घेतला. निघताना प्रमिला, सुटका झाल्यासारखी, बाळाला छातीशी घेऊन ओट्यापर्यंत आली. डोळे भरलेले होते. "दीपू, तू शपथ घेतली होतीस. राग येणार नाही म्हणाली होतीस."

दीपमालानं चपला घातल्या.

"खोटं बोलले होते," ती म्हणाली, आणि फाटकाबाहेर पडली.