पहिली भेट मेट्रोच्या गेटपाशी

मी थापा मारतो असं दिल्लीच्या मयूर विहारमध्ये म्हणतात. ही गोष्ट मात्र खरी आहे. रांगेची लांबी तेवढी कमीजास्त धरा.

माझ्या वरच्या मजल्यावर अक्षता राहते. परभणीची, नोकरी नोएडात. तिची फ्लॅटमेट लग्न करून गेली. एक तारखेपर्यंत दुसरी मिळाली नाही, तर भाडं एकटीला झेपणार नाही, घर सोडावं लागणार. म्हणून तिने मराठी मंडळाच्या ग्रुपवर पोस्ट टाकली:

'एक खोली, फक्त मुलींसाठी. भाडं सोळा हजार, वीजबिल निम्मं. ज्याची भांडी त्याने घासावी. पाहुणे विचारून. मयूर विहार, मेट्रोपासून चालत दहा मिनिटं. ईमेल करा. पहिली भेट मेट्रोच्या गेटपाशी. थेट घरी येऊ नये. आयडी आणि पोलीस व्हेरिफिकेशन आवश्यक.'

"अगं, ही काय जाहिरात?" मी म्हणालो. "फ्लॅट नंबर नाही, फोन नाही!"

"मुद्दाम, गुलाबकाका. एकटी राहते मी."

"ग्रुप आपलाच आहे यार!"

"साडेतीनशेच्या साडेतीनशे आपले?"

ती ऑफिसला गेली आणि माझी बोटं शिवशिवली. पोस्टखाली फ्लॅट नंबर घातला. शिवाय लिहिलं, 'मुलगी एकटीच आहे, शनिवारी दिवसभर घरी. बिनधास्त या!'

शनिवारी आले की! एक दलाल, मागे चार गिऱ्हाइकं. एक बाई शेगडीसकट. एक गृहस्थ 'मावसबहिणीसाठी' बाथरूम बघायला. रांगेचं शेपूट पार नोएडात, म्हणजे उत्तर प्रदेशात.

अक्षताने साखळी लावूनच दार किलकिलं केलं. "काका, मी एकटी असते हे आता सगळ्यांना माहीत झालं," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी मेसेज डिलीट केला. मग जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "मालकांची एकच अट. दर संक्रांतीला भाडेकरूने काला अंबच्या स्मारकापर्यंत शंभर किलोमीटर पायी जायचं. पानिपतच्या वीरांसाठी. अनवाणी!"

पाच मिनिटांत जिना रिकामा.

"चला आता," अक्षता चपला घालत म्हणाली. "अकराला एकीला मेट्रोवर बोलावलंय. सोबत या. तोंड बंद ठेवून."

गेटपाशी एक मुलगी घामाघूम उभी होती. क्षिप्रा, लातूरची. तिने आधी ऑफिसचं कार्ड दाखवलं, मग अक्षताचं मागितलं!

"पत्ता तर ग्रुपवर आला होता," अक्षता म्हणाली. "घरीच का नाही आलीस?"

"तू लिहिलं होतंस ना, येऊ नका म्हणून. आणि खाली ते बिनधास्त या लिहिणारे कोण काका आहेत, त्यांच्यापासून जरा जपून हं."

अक्षता पहिल्यांदा हसली. "घर बघायला चल. आवडलं तर आजच मालकांशी बोलू."

आता त्यांच्या दारामागे नियम चिकटवलेत. पहिला नियम क्षिप्राच्या अक्षरात आहे: 'गुलाबकाकांना चहा द्यावा, माहिती देऊ नये.'