उजवा हात, डावा हात

वही पहिल्यांदा परत आली तेव्हा मृण्मयीला राग आला होता. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा मात्र ती घाबरली.

मृण्मयी लातूरची. नांदेडच्या कॉलेजात बी.एड. करत होती आणि आंतरवासितेसाठी हदगावजवळच्या एका शाळेत सहावीला गणित शिकवत होती. दर आठवड्याला वर्गातला एक प्रसंग निवडून चिंतन-वहीत लिहायचा, असा नियम. आता चिंतन म्हणजे काय, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ‘मुलांनी आनंदाने सहभाग घेतला’ असं लिहायचं, खाली मार्गदर्शकांची सही घ्यायची, झालं चिंतन. पण तिच्या मार्गदर्शक सौदामिनी मॅडम वाचून सही करायच्या, आणि हीच पंचाईत होती.

तिनं लिहिलेला प्रसंग असा: ‘मॅडम पाठ पाहायला आल्या होत्या. अपूर्णांकांची बेरीज चालू होती. मी दोन तृतीयांश अधिक एक षष्ठांश विचारले. सगळ्यांनी हात वर केले. मॅडमनी मागच्या बाकावरील धम्मप्रियाला विचारण्यास सुचवले. ती उभी राहिली, पण बोलली नाही. मी तिला दोनदा विचारले, मग रागावले. ती रडू लागली. शेवटी दुसऱ्या विद्यार्थ्याने अचूक उत्तर दिले.’

खाली मॅडमची पेन्सिल होती: ‘काय झालं ते मी बघितलंच आहे. का झालं?’

मृण्मयीनं मग दोन पानं पुस्तकातून भरली. गणिताची भीती, घरचं वातावरण, पूर्वज्ञानाचा अभाव. दोन शिक्षणतज्ज्ञही बसवले. वही परत आली. ‘हे कुणाच्याही वहीत डकवता येईल. यात तू कुठं आहेस? पूर्वज्ञान नव्हतं, हे कशावरून ठरवलंस? सोमवारपर्यंत दे.’

कुठं आहेस, ते मृण्मयीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते वहीत नव्हतं.

शाळेतले बापूसाहेब सर जुने, जाणते. पाठाच्या आदल्या दिवशी त्यांनीच तिला युक्ती सांगितली होती. ज्यांना येतं त्यांनी उजवा हात वर करायचा, ज्यांना येत नाही त्यांनी डावा. सगळा वर्ग हात वर करतो, पाहणारा खूश होतो, आपण फक्त उजव्यांना विचारायचं. मृण्मयीनं त्यात आणखी सुधारणा केली. ऐनवेळी घोळ नको म्हणून तिनं हात आधीच वाटून टाकले. बारा जण उजवे, बाकीचे डावे.

‘सर, हे लिहावं लागेल,’ तिनं शुक्रवारी मधल्या सुट्टीत सांगितलं.

बापूसाहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. ‘मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळेच करून राहिलेत. लिहा की पोरीची तयारी नव्हती. तिचं काय जातंय? तुमचं मात्र जाईल.’

जाणार होतं, हे खरंच. पुढच्या महिन्यात लातूरच्या एका संस्थेत तिची मुलाखत होती आणि तिथं आंतरवासितेचा शेरा मागतात. आईनं तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. मृण्मयीनं ठरवलं, सरांचं ऐकायचं. फक्त ‘कशावरून’ला उत्तर हवं, म्हणून पुराव्यापुरती धम्मप्रियाची वही मागवायची.

वहीत त्या दिवसाची तारीख होती. गणित होतं. दोन तृतीयांशाचे चार षष्ठांश केलेले, त्यात एक मिळवलेला, आणि खाली चौकटीत पाच षष्ठांश. कुठं खाडाखोडसुद्धा नव्हती.

तिनं धम्मप्रियाला व्हरांड्यात बोलावलं. ‘हे तू कधी सोडवलंस?’

‘तुमी फळ्यावर लिवलं तवाच.’

‘मग बोलली का नाहीस?’

पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, ‘तुमी मला डाव्यात घातलं होतं. डावा म्हंजे येत न्हाई, हे त्या मॅडमलाबी ठाऊक असंल असं वाटलं. मी बरोबर सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं न्हाई का, हात तुमीच वाटलेत म्हणून.’

मृण्मयीला तिथून पळून जावंसं वाटलं. अकरा वर्षांच्या पोरीनं तिची लाज राखली होती, आणि त्याबद्दल चाळीस मुलांसमोर बोलणीही खाल्ली होती.

खोलीवर येऊन तिनं बारा उजव्यांची यादी पुढ्यात घेतली. ती केली तेव्हा कुठली चाचणी घेतली होती? घेतलीच नव्हती. पहिल्या आठवड्यातच सगळं ठरलं होतं. ते बाराही जण पुढे बसणारे होते. ते ‘नाही’ म्हणायचे, ‘न्हाई’ नव्हे. तिच्यासारखं बोलणाऱ्यांना तिनं हुशार धरलं होतं. मग तिनं आडनावं वाचली, आधी उजव्यांची, मग डाव्यांची, आणि तिला यादी बाजूला ठेवावी लागली. आपण असं काही मानत नाही, असं ती आजवर छातीठोकपणे सांगत आली होती. ते मनापासूनच सांगायची, हे तर जास्तच वाईट होतं.

रविवारभर ती लिहीत होती. प्रसंग पाच ओळींत आटोपला. पुढं लिहिलं: ‘मी धम्मप्रियाच्या गप्प राहण्याला अज्ञान समजले. तिच्या वहीवरून आणि तिच्या बोलण्यावरून ती समजूत खोटी ठरते. तिला गप्प मी केले होते. उत्तर येते की नाही हे शोधण्यासाठी मी प्रश्न विचारत नव्हते, पाठ चांगला दिसावा म्हणून विचारत होते. हात मी वाटले, आणि कशावरून वाटले ते पुढे लिहिते.’ आणि ते तिनं लिहिलं, आडनावांसकट. बापूसाहेबांचं नाव मात्र घेतलं नाही. युक्ती कुणाचीही असो, यादी तिची होती.

सोमवारी सौदामिनी मॅडमनी सगळं वाचलं, मागं जाऊन एक पान पुन्हा वाचलं. ‘आता हे विश्लेषण झालं,’ त्या म्हणाल्या. ‘पण त्या पाठाला मी वीसपैकी सतरा दिले होते. हे वाचल्यावर ते मला ठेवता येणार नाहीत. शेराही बदलावा लागेल. वही मागं घ्यायची असेल तर आत्ताच घे.’

मृण्मयीचा हात वहीकडे गेला, खोटं कशाला सांगा. आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. मग तिनं हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘राहू द्या.’

‘शेवटचा भाग कोरा आहे. यापुढं काय करणार?’

‘उद्या करून बघते, मग लिहिते.’

मंगळवारी वर्गात तिनं हात वर करायला बंदी केली. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात घातली. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं उत्तर द्यायचं, येत नसेल तर तसं सांगायचं, रागावणार नाही, असं सांगितलं. मुलं गोंधळली. पुढच्या बाकांना ते फारसं आवडलं नाही. सहावी चिठ्ठी धम्मप्रियाची निघाली.

पोरगी उठली. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग मागच्या रिकाम्या खुर्चीकडे.

‘मॅडम, आज कुनी बघायला आलंय का?’

‘कुणी नाही.’



‘मग मला कशाला विचारून राहिल्या?’